अशिलाला पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपावरून दाव्याच्या स्थितीचं पत्र कसं लिहावं

शेजारी हद्दीवर भिंत बांधतोय म्हणून फोंडा तालुक्यातल्या एका बाईंनी लावलेल्या जमिनीच्या दाव्यात, दिवाणी कोर्टातून बाहेर पडल्यावर ज्युनिअर वकील अशिलाच्या मुलाला साधारण असा निरोप पाठवतो:

«दादा, आज स्टे मिळाला. समोरच्या वकिलाला काही बोलताच आलं नाही. आता ते एक चिरासुद्धा लावू शकत नाहीत. ६ ऑगस्टला फायनल. जज आपल्या बाजूने दिसतात. आईंना सांगा, टेन्शन नको.»

तिकडून लगेच विचारणा येते: «मग आम्ही आमच्या बाजूला पत्रे मारून घेऊ का? पाऊस फार आहे.» ज्युनिअर पुढच्या कोर्टात उभा असतो. तो अंगठ्याची खूण पाठवतो आणि फोन खिशात ठेवतो.

उदाहरण मी रचलेलं आहे, पण पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही कोर्टात वकिली करणाऱ्याला ते ओळखीचं वाटेल. निरोप पाठवण्यात गैर काही नाही. कोर्टात काय झालं ते अशिलाला त्याच दिवशी कळायला हवं, आणि ते फोनवरच कळणार. पण निरोप हा दाव्याच्या स्थितीचा अहवाल नसतो. तो अहवाल पत्रातच जायला हवा, आणि या निरोपातून ते पत्र कसं काढायचं ते इथे एकेक पायरी घेऊन दाखवतो.

आधी निरोप बाजूला ठेवा, रोजनामा वाचा

पत्राचा कच्चा मसुदा निरोपावरून करायला बसू नका. त्या दिवशीचा रोजनामा आणि आदेश आधी समोर घ्या. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे ते दिसतं, पण तिथे टप्प्याचं नाव एकदोन शब्दांत असतं आणि आदेश चढायला कधी वेळही लागतो. त्यामुळे अ‍ॅपवर ‘युक्तिवाद’ असं दिसलं म्हणून तो अख्ख्या दाव्याचा युक्तिवाद समजू नका. फाईल पाहा, नाहीतर कोर्टातल्या कारकुनाकडून रोजनाम्याची खात्री करून घ्या.

आपल्या उदाहरणात रोजनाम्याचा आशय असा आहे: प्रतिवादी वकिलामार्फत हजर झाले, वकीलपत्र दाखल केलं, तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला उत्तर देण्यासाठी मुदत मागितली. मुदत मंजूर. पुढील तारखेपर्यंत दोन्ही पक्षांनी दावा मिळकतीबाबत ‘जैसे थे’ स्थिती राखावी. पुढील तारीख ६ ऑगस्ट, अर्जावरील उत्तर आणि युक्तिवादासाठी.

आता निरोप पुन्हा वाचा. ‘दोन्ही पक्षांनी’ हे शब्द त्यात कुठेच नाहीत, आणि सगळा धोका नेमका तिथेच आहे. ‘स्टे’ हा शब्द ऐकला की अशिलाला वाटतं की समोरच्याला बांधलं आणि आपण मोकळे. ‘जैसे थे’चा आदेश मात्र वादीलाही तितकाच बांधतो. हद्दीवर वादीने स्वतः पत्रे मारले तर आदेशाचा भंग तिच्याकडूनच होईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ नियम २-अ प्रमाणे अशा भंगाबद्दल मिळकत जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. ज्या बाईंनी दाद मागायला दावा लावला, त्यांच्याच विरुद्ध पुढच्या तारखेला अर्ज येईल, आणि मुलाच्या फोनवर वकिलाने दाखवलेला अंगठा असेल.

निरोपातलं वाक्य न् वाक्य सुटं करा

एका कागदावर निरोपातलं प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर लिहा. प्रत्येकापुढे चारांपैकी एक गोष्ट मांडा: हे प्रत्यक्ष घडलं, हे कोर्टाने आदेशात म्हटलं, हे आपलं मत आहे, की हे भाकीत आहे. काम कंटाळवाणं वाटेल, पण ज्युनिअरकडून हे दोनतीन दाव्यांत करून घेतलं की पुढचे निरोपच तो वेगळे लिहायला लागतो.

‘आज स्टे मिळाला’ हा कोर्टाच्या आदेशाबद्दलचा दावा आहे आणि तो अर्धाच खरा आहे. त्याच्या जागी आदेशाचा आशय तसाच्या तसा यायला हवा: कोणावर बंधन, कशाबाबत आणि कधीपर्यंत. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात बसत नसतील तर दोन वाक्यं करा, पण एकही सोडू नका.

‘समोरच्या वकिलाला बोलताच आलं नाही’ हे घडलेलं म्हणून लिहिलंय, पण घडलं काय? त्यांनी मुदत मागितली. ते उत्तर घेऊन येणार आहेत आणि त्या उत्तरात काय असेल हे आज कोणालाच ठाऊक नाही. पत्रात एवढंच जाईल की प्रतिवादींनी उत्तरासाठी वेळ घेतला आहे. समजा त्यांच्या वकिलाने तोंडी सांगितलं की भिंतीला पंचायतीचा परवाना आहे, पण कागद दाखल केला नाही. निरोपात ते आलेलंच नाही, कारण बातमी गोड नव्हती. पत्रात ते यायलाच हवं. अशिलाला ते पुढच्या तारखेला पहिल्यांदा कळलं तर वकिलाने लपवलं असंच तिला वाटेल.

‘६ ऑगस्टला फायनल’ हे चुकीचं भाकीत आहे. त्या तारखेला तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचं काम आहे. दाव्यात अजून लेखी कैफियत यायची आहे, मुद्दे निघायचे आहेत, पुरावा आणि उलटतपासणी व्हायची आहे, मग अंतिम युक्तिवाद. अर्जाचा निकाल लागला तरी त्यावर अपील होऊ शकतं. सहा तारखेला अर्जाचं काम पूर्ण होईलच असंही धरून चालता येत नाही.

‘जज आपल्या बाजूने दिसतात’ हे वाक्य सौम्य करून चालत नाही. ‘न्यायालयाचा कल अनुकूल वाटला’ असं लिहिलं तरी ते तेच आहे. न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न, त्यांचा चेहरा, त्यांचा सूर यातलं काहीही पत्रात येऊ नये. ते कोणी कोर्टापुढे ठेवलं तर उत्तर देता येणार नाही, आणि अशील मात्र त्याच एका वाक्यावर विसंबून राहील. ते पूर्णपणे काढून टाका.

राहिलं ‘टेन्शन नको’. निरोप वाचणाऱ्याला धीर हवा असतो हे मला मान्य आहे, पण धीर देण्याचं काम सूचना करते. काय करायचं, काय करायचं नाही आणि काही झालं तर कोणाला फोन लावायचा, हे नेमकं कळलं की माणूस निम्मा शांत होतो.

अंगठ्याची खूण मात्र या कागदावर सगळ्यात वर लिहा. ते कायदेशीर प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं आणि ते चूक होतं. पत्राची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करून पत्रे मारू नका असं सांगायला हवं, आणि फोन केल्याची नोंद फाईलवर ठेवायला हवी.

पत्र कोणाला जाणार हे ठरवा

निरोप मुलाला गेला. दावा आईच्या नावावर आहे, वकीलपत्रावर सही तिची आहे. पत्र तिच्या नावानेच जाईल. मुलाला प्रत पाठवायची तर तिची लेखी संमती घ्या. दोन ओळींची चिठ्ठी पुरते.

आपल्याकडे हे जास्त जपावं लागतं. शेजारचा प्रतिवादी बहुतेक वेळा वाड्यावरचाच असतो, कधी चुलत घराण्यातला. घरच्या ग्रुपवर टाकलेला निरोप संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी पोचलेला असतो. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने तिच्या संमतीशिवाय उघड करू नये, हे भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. ते कलम आपल्याला बांधतं, नातेवाइकांच्या फोनला नाही. म्हणून आपल्या बाजूचे कच्चे दुवे सांगणारा परिच्छेद चॅटवर पाठवूच नका आणि पत्राच्या माथ्यावर ‘गोपनीय’ असं लिहा.

मताचा परिच्छेद कसा बांधायचा

जास्त आश्वासन द्यायचं नाही म्हटलं की नवखे वकील दुसऱ्या टोकाला जातात. ‘न्यायप्रविष्ट बाब असल्याने निकालाबाबत काहीही सांगता येत नाही’ असं लिहून मोकळे होतात. अशिलाने फी दिली ती मतासाठीसुद्धा. मत द्यायचंच, फक्त ते कशावर उभं आहे ते दिसलं पाहिजे.

तात्पुरत्या मनाईच्या अर्जात कोर्ट तीन गोष्टी पाहतं. वादीची बाजू प्रथमदर्शनी उभी राहते का, मनाई दिली किंवा नाकारली तर जास्त अडचण कोणाची होईल, आणि मनाई न दिल्यास पैशाने भरून न येणारं नुकसान होईल का. मताचा परिच्छेद याच तीन खुंट्यांवर टांगा. प्रत्येकीला आपल्याकडे कुठला कागद आहे आणि कुठला नाही ते लिहा. मग ‘चांगली केस आहे’ असं म्हणायची गरजच उरत नाही.

आपल्या उदाहरणात वादीकडे एक-चौदाचा उतारा आहे, सर्व्हे प्लॅन आहे, प्रतिवादी भिंतीसाठी चर खणत असताना काढलेले फोटो आहेत. नाहीये ती हद्दीची मोजणी. जुनं तारेचं कुंपण सर्व्हेच्या रेषेवर होतं की आतबाहेर, हे भूमापन खात्याकडून आखून घेतल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय उताऱ्यावर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे. नोंद खरी मानून कोर्ट सुरुवात करतं, पण ती खोडून काढणारा पुरावा समोरचा देऊ शकतो. गावात उताऱ्यावर नाव म्हणजे जमीन आपली असं धरून चालतात, त्यामुळे हे वाक्य पत्रात सोप्या शब्दांत यायलाच हवं.

‘नक्की’, ‘शंभर टक्के’, ‘होऊन जाईल’, ‘काळजीचं कारण नाही’, ‘लवकरच’ हे शब्द मसुद्यात शोधून काढा. पण त्यांच्या जागी नुसतं ‘शक्यता आहे’ घालू नका. शक्यता कशावर अवलंबून आहे ते त्याच वाक्यात आलं नाही, तर तेही पोकळच. टक्केवारी कधीच लिहू नका. ‘सत्तर टक्के आपल्याकडे’ म्हणताना आपण काहीच मोजलेलं नसतं, आणि अशील मात्र तो आकडा पाठ करून ठेवतो.

पूर्ण पत्र

गोव्यातल्या कोर्टांचे आदेश इंग्रजीत येतात, आणि पत्र मराठी वाचणाऱ्या अशिलासाठी आहे. आदेशाचा आशय मराठीत लिहा आणि मूळ प्रत सोबत जोडा, म्हणजे भाषांतराबद्दल शंका आली तर कोणालाही ताडून पाहता येईल.

> गोपनीय
>
> दि. १२ जुलै
>
> प्रति, श्रीमती …… (वादी)
>
> विषय: नियमित दिवाणी दावा क्र. ……, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, फोंडा. १० जुलै रोजीच्या सुनावणीनंतरची स्थिती.
>
> सप्रेम नमस्कार.
>
> १० जुलै रोजी आपल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर सुनावणी होती. प्रतिवादी वकिलामार्फत हजर झाले. अर्जाला उत्तर देण्यासाठी त्यांनी वेळ मागितला व न्यायालयाने तो दिला. भिंतीसाठी पंचायतीचा परवाना असल्याचे त्यांच्या वकिलांनी तोंडी सांगितले. परवान्याची प्रत अद्याप दाखल झालेली नाही.
>
> न्यायालयाने असा आदेश दिला आहे की पुढील तारखेपर्यंत, म्हणजे ६ ऑगस्टपर्यंत, दोन्ही पक्षांनी दावा मिळकतीबाबत ‘जैसे थे’ स्थिती राखावी. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे.
>
> याचा अर्थ असा की ६ ऑगस्टपर्यंत प्रतिवादींनी त्या जागेत भिंतीचे काम पुढे नेऊ नये, आणि आपणही तेथे नवे काही करू नये. पत्रे मारणे, कुंपण घालणे वा सरकवणे, झाड तोडणे, चर बुजवणे यांपैकी काहीही करू नये. नारळ उतरवणे, झाडलोट असे जे काम आपण आजवर नेहमी करत आला आहात त्याबाबत शंका वाटल्यास आधी आम्हाला विचारावे.
>
> हा आदेश पुढील तारखेपर्यंतचा आहे. तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही, आणि जागेची मालकी व हद्द यांबाबत न्यायालयाने कोणतेही मत दिलेले नाही.
>
> १० जुलै रोजी आपल्या मुलाला आमच्या कार्यालयातून गेलेल्या संदेशात ‘स्टे मिळाला’ व ‘६ ऑगस्टला फायनल’ असे म्हटले होते. आदेशाची नेमकी स्थिती वर दिल्याप्रमाणे आहे व तीच ग्राह्य धरावी. पत्रे मारण्याबाबतच्या प्रश्नाला दिलेली संमतीची खूण चुकीची होती. ती मागे घेत असल्याचे त्याच दिवशी दूरध्वनीवर कळवले आहे.
>
> आमचे मत: एक-चौदाचा उतारा, सर्व्हे प्लॅन व फोटो यांवरून आपला ताबा प्रथमदर्शनी दाखवता येईल असे आम्हाला वाटते. भिंत पूर्ण झाल्यास ती पाडून घेणे अवघड होईल, हाही आपल्या बाजूचा मुद्दा आहे. मात्र भूमापन खात्याकडून हद्द आखून घेतलेली नाही. जुने कुंपण सर्व्हेच्या रेषेवर नव्हते असे प्रतिवादींनी दाखवल्यास आपली बाजू कमकुवत होईल. उताऱ्यावरील नोंद न्यायालय खरी मानून चालते, पण ती मालकीचा अंतिम पुरावा नाही. प्रतिवादींचे उत्तर व परवाना पाहिल्यानंतर हे मत बदलू शकते.
>
> ६ ऑगस्ट रोजी प्रतिवादींचे उत्तर अपेक्षित आहे. त्यानंतर अर्जावर युक्तिवाद होईल. तो त्याच दिवशी पूर्ण होईल किंवा पुढे जाईल. अर्जाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी दुसऱ्या बाजूस अपील करता येते. त्यानंतरही दावा पुढे चालेल. त्यात लेखी कैफियत, मुद्दे, पुरावा, उलटतपासणी व अंतिम युक्तिवाद हे टप्पे बाकी आहेत.
>
> आपण २५ जुलैपर्यंत पुढील गोष्टी द्याव्यात: जुन्या कुंपणाचे काही फोटो असल्यास ते, आणि जमीन आपल्याकडे कशी आली त्याचे मूळ कागद. हद्द मोजून घेण्याच्या अर्जाबाबत निर्णय घेण्यासाठी त्याच सुमारास कार्यालयात यावे.
>
> प्रतिवादींनी काम पुन्हा सुरू केल्यास वाद घालू नये, काम स्वतः अडवू नये. तारीख व वेळ दिसेल असे फोटो काढून लगेच कार्यालयात फोन करावा.
>
> आपला,
> (सिनियर वकिलाची सही)
>
> सोबत: १० जुलैच्या आदेशाची प्रत

या पत्रातल्या काही जागा

मागचा निरोप दुरुस्त करणारा परिच्छेद लिहायला सगळे कचरतात. ज्युनिअरला वाटतं, अशिलाचा विश्वास उडेल. काहीजण चॅटमधला निरोप सर्वांसाठी पुसून टाकतात. तसं करू नका. पुसल्याची खूण तिथे राहते, स्क्रीनशॉट आधीच काढलेला असू शकतो, आणि पुसलेल्या निरोपावर अशिलाचा संशय चुकीच्या निरोपापेक्षा जास्त जातो. निरोप तसाच ठेवा, पत्राने तो सुधारा, आणि हे सिनियरला सांगूनच करा. सिनियरला अंधारात ठेवून पाठवलेलं दुरुस्तीपत्र पुढे दोघांनाही अडचणीत आणतं.

आदेशाचा अर्थ सांगणाऱ्या परिच्छेदानंतर ‘याचा अर्थ काय नाही’ हे सांगणारा परिच्छेद मुद्दाम आहे. अशील पत्र वाचतो तेव्हा आपल्या मनातली गोष्ट त्यात शोधत असतो. मालकीबद्दल कोर्ट काही बोललेलं नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिलं नाही तर ‘जैसे थे’ म्हणजे ‘जमीन आपली असं कोर्टाने मान्य केलं’ असं वाड्यावर सांगितलं जातं. मग प्रतिवादीही चिडतो, आणि तडजोडीची दारं उगाच बंद होतात.

तारखा दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची भाषा वेगळी ठेवा. अशिलाने कागद द्यायची तारीख आपल्या हातातली आहे, तिथे ठामपणे ‘२५ जुलैपर्यंत द्यावेत’ असं लिहा. कोर्टाच्या तारखेला काय होईल ते आपल्या हातात नाही, तिथे ‘अपेक्षित आहे’ म्हणा आणि पुढे काय होऊ शकतं ते दोन्ही बाजूंनी सांगा. ज्युनिअरच्या निरोपात हे उलटं असतं. कागदांबद्दल ‘जमलं की द्या’ आणि निकालाबद्दल ‘सहा तारखेला होऊन जाईल’.

फी आणि खर्च यांचा उल्लेख पत्रात करायचा असेल तर तो वेगळ्या परिच्छेदात, निकालाशी कुठेही न जोडता करा. निरोपात ‘जिंकल्यावर बघू’ असं गेलेलं असेल तर तेही दुरुस्त करा. निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत निषिद्ध आहे, आणि ते वाक्य जिंकण्याचं आश्वासनही देऊन जातं.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिला. त्यामुळे चॅटमधल्या आश्वासनांची आता भीती नाही, असं काहींना वाटतं. ते खरं नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, आणि तिथे चॅटची प्रिंट जोडली जाते. अशा वेळी त्याच आठवड्यात गेलेलं, अशिलाच्या सहीने पोच असलेलं पत्र फाईलवर असलं तर काय सांगितलं होतं हा प्रश्न उरत नाही.

इतर निरोप, थोडक्यात

लेखी कैफियतीच्या मुदतीवरून फार चुकीचे निरोप जातात. समन्स पोचल्यापासून ३० दिवस, आणि कोर्टाने वाढवून दिल्यास ९० दिवसांपर्यंत, असं संहितेत आहे. नव्वद दिवस उलटले की ज्युनिअर लिहितो, ‘त्यांनी उत्तर दिलं नाही, आता केस आपलीच’. सर्वसाधारण दिवाणी दाव्यांत ही मुदत कडक बंधनकारक नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. योग्य कारण दाखवलं तर उशिरा आलेली कैफियतही कोर्ट घेऊ शकतं. व्यावसायिक वादांच्या दाव्यांत १२० दिवसांची मर्यादा मात्र पक्की आहे. म्हणून पत्रात असं लिहा: ‘प्रतिवादींची कैफियत मुदतीत आलेली नाही. कैफियतीशिवाय दावा पुढे चालवावा असा अर्ज आम्ही देत आहोत. न्यायालय खर्च आकारून वा न आकारता त्यांना आणखी वेळ देऊ शकते.’ समोरचा उद्या कैफियत घेऊन आला तरी हे वाक्य खोटं पडत नाही.

‘मुदत पडली’ एवढ्याच निरोपाचंही पत्र करता येतं, आणि करावं. न्यायाधीश रजेवर होते, साक्षीदार आला नाही, की आपल्या बाजूने मुदत मागितली, हे कारण खरं लिहा. विशेषतः मुदत आपण मागितली असेल तेव्हा. ‘कोर्टाने तारीख दिली’ या वाक्याआड ते दडवू नका. अशील ई-कोर्ट्सवर रोजनामा स्वतः उघडून पाहू शकतो.

अर्ज फेटाळला गेला तर उलट गडबड होते. निरोप येतो, ‘अपीलात नक्की मिळेल, काळजी नको’. त्या दिवशी चॅटवर फक्त एवढं कळवा की अर्ज नामंजूर झाला आहे, कारणं आदेश वाचून कळवतो. मग पत्रात कोर्टाने कुठल्या कारणाने नाकारला ते आधी, अपिलाची मुदत नंतर, आणि अपिलाबद्दलचं मत सगळ्यात शेवटी लिहा. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात, म्हणून हे पत्र दोन दिवसांपेक्षा जास्त रखडू देऊ नका.

चॅटवर काय जावं

ज्युनिअरला निरोप बंद करायला सांगू नका, तो ऐकणार नाही आणि अशीलही ऐकणार नाही. त्याला तीन ओळींचा साचा द्या. १० जुलैच्या सुनावणीनंतर तो असा भरला गेला असता:

«आज मनाईच्या अर्जाची सुनावणी झाली. ६ ऑगस्टपर्यंत दोन्ही बाजूंनी जागेत काहीही बदल करू नये असा आदेश आहे, म्हणजे आपल्यालाही तिथे काही करता येणार नाही. सविस्तर पत्र दोन दिवसांत आईंच्या नावाने येईल.»

यात काय झालं, अशिलाने काय करायचं नाही, आणि पुढचं कळणार कधी, एवढंच आहे. मत नाही, अंदाज नाही. पत्र्यांसारखा प्रश्न आला की त्याला खुणेने उत्तर न देता ‘थांबा, विचारून फोन करतो’ असं लिहायचं.

पत्र हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर अशिलाची सही आणि तारीख घ्या. ई-मेलने गेलं तर सही केलेली पीडीएफ पाठवा आणि चॅटवर ‘पत्र पाठवलं आहे, कृपया वाचून पोच द्या’ असं कळवा. अशिलाला वाचायला अडचण असेल तर कार्यालयात बोलावून पत्र मोठ्याने वाचून दाखवा, आणि ‘वाचून दाखवले, समजले’ असं खाली लिहून तिची सही घ्या. पोच दिलेली प्रत दाव्याच्या फाईलमध्ये त्या दिवशीच्या रोजनाम्यामागे लावा. ६ ऑगस्टला कोर्टात जाताना ज्युनिअरने आदेशाबरोबर तीही वाचून जायचं आहे.